'विनंती केल्यास': गरोदर कामगार बाईच्या हक्कात घुसवलेले दोन शब्द

गरोदर बाईला तासन्‌तास उभं ठेवू नये, हे आपल्या देशाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल, पण ते आज-कालचं नाही, १९६१ पासूनचं आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटलं होतं की कष्टाचं काम, फार वेळ उभं राहावं लागणारं काम, किंवा गर्भाला, गरोदरपणाला अपाय होईल असं कुठलंही काम मालकाने गरोदर बाईला सांगू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या ५९व्या कलमात हीच तरतूद जवळपास जशीच्या तशी उतरवली आहे.

मग मिरा रोडच्या कपड्यांच्या दुकानात सातव्या महिन्यातली बाई काउंटरमागे दिवसभर उभी का दिसते? भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत पॅकिंगच्या टेबलाशी पाय सुजलेली बाई का दिसते? मालक कायदा मोडतो म्हणून? काही ठिकाणी हो. पण बहुतेक ठिकाणी मालक कायदा मोडतच नाही. त्याला मोडायची गरजच पडत नाही. कारण त्या तरतुदीत दोन शब्द आहेत: 'विनंती केल्यास'. बाईने स्वतः विनंती केली तरच मालकाने तिला असं काम सांगू नये. तिने तोंड उघडलं नाही तर मालक साव.

या दोन शब्दांनी किती बायकांना कायद्याच्या बाहेर उभं केलं आहे, ते नीट पाहू. आणि हो, 'उभं केलं आहे' हा शब्द मी मुद्दामच वापरतो आहे.

आधी तारखांचा हिशेब. कायदा म्हणतो की विनंती केली तरी हे संरक्षण संपूर्ण गरोदरपणात नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीचे सहा आठवडे धरा. त्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतले जे दिवस बाई रजेवर नसेल ते दिवस, एवढाच हा काळ. उदाहरणादाखल समजा डॉक्टरने कागदावर १५ नोव्हेंबर ही तारीख लिहून दिली आहे. म्हणजे शेवटची पाळी ८ फेब्रुवारीची. १५ नोव्हेंबरच्या सहा आठवडे मागे गेलं की ४ ऑक्टोबर येतो. त्याच्या एक महिना मागे, ४ सप्टेंबर. म्हणजे ४ सप्टेंबरच्या आधी त्या बाईने विनंती केली तरी मालक कायद्याने तिचं ऐकायला बांधील नाही. ४ सप्टेंबरला तिला किती आठवडे झालेले असतात? जवळजवळ तीस. चाळीस आठवड्यांच्या गरोदरपणातले पहिले तीस आठवडे तिने उभं राहायचं, आणि मग विनंती करायची.

यात आणखी एक गंमत आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे केली आणि त्यातले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतील असं ठरवलं. आपल्या उदाहरणात ती रजा २० सप्टेंबरपासून घेता येते. पण उभं राहण्याबद्दलचा हिशेब १९६१ चा सहा आठवड्यांचाच राहिला. म्हणजे ४ सप्टेंबर ते २० सप्टेंबर हे सोळा दिवस असे आहेत की जेव्हा रजा सुरू होऊ शकत नाही आणि उभं न राहण्याची विनंती मात्र करता येते. त्यानंतर रजा आहेच, पण आधीची रजा घेतली की ती बाळंतपणानंतरच्या रजेतून वजा होते. बाळ अंगावर पिणारं असताना घरी राहता यावं म्हणून आपल्या बायका शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जातात. हे ज्याला कळत नाही त्याने एकदा भाईंदरच्या कुठल्याही चाळीत जाऊन विचारावं की कितव्या महिन्यापर्यंत कामाला जात होतीस. 'कळा सुरू झाल्या त्या दिवशीपण गेले होते' हे उत्तर तिथे कुणालाही नवं नाही.

आता कुणी म्हणेल, उभं राहिल्याने असं काय होतं? आमच्या आया-आज्या नाही का शेतात राबल्या? राबल्या. त्यातल्या किती जणींची बाळं पोटात गेली, याची नोंद कुणी ठेवली होती का? गावकुसाबाहेरच्या बाईचं पडलेलं पोट कुठल्या वहीत लिहिलं गेलं?

दिवसभर एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साचतं. गरोदरपणात वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देतं, त्यामुळे ते रक्त वर परतायला आणखी जड जातं. पाय सुजतात, शिरा फुगतात, डोळ्यापुढे अंधारी येते. चालणं आणि उभं राहणं यात फरक आहे, हेही लक्षात घ्या. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिल्यावर ते काम बंद पडतं. म्हणून रस्ता झाडणारीपेक्षा काउंटरमागे पुतळ्यासारखी उभी असलेली बाई जास्त सुजलेली दिसू शकते. त्यात अंगात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. दोघींत एक.

मी इथे घाबरवायला बसलेलो नाही. उभं राहिलं की प्रत्येक बाईचं बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, असं कुठलंही संशोधन सांगत नाही. बहुतेक अभ्यास सांगतात की धोका वाढतो, पण थोडा वाढतो. पण ज्या बाईला रक्त कमी आहे, जेवण वेळेवर नाही, लघवीला जायला सुटी नाही म्हणून जी पाणीच पीत नाही, तिच्यासाठी हा 'थोडा' धोका बाकीच्या सगळ्या धोक्यांवर येऊन बसतो. आणि धोका थोडा आहे म्हणून तो नेहमी त्याच वस्तीतल्या बायकांनी का उचलायचा, हा प्रश्न डॉक्टरांचा नाही, आपला आहे.

मूळ मुद्दा, विनंतीचा. विनंती कोण करू शकतं? जिची नोकरी पक्की आहे, जिला नेमणूकपत्र मिळालेलं आहे, जिच्या ऑफिसात एचआर नावाचं खातं आहे. आणि गंमत बघा, अशा बाईला बहुधा आधीच खुर्ची असते. उभं राहायचं काम ज्या बायकांच्या वाट्याला येतं, दुकानातल्या सेल्सगर्ल, हाउसकीपिंगच्या मुली, दवाखान्यातल्या आया, मॉलच्या दारावरच्या सिक्युरिटीच्या बायका, त्यांच्याकडे विनंती करायला लागणारी ताकदच नसते. बसायचं काम आणि उभं राहायचं काम यांची वाटणी कशी झाली आहे ते एकदा जातीच्या नजरेने बघा. बिलिंगच्या खुर्चीवर कोण, दारात झाडू घेऊन कोण. ही वाटणी आपोआप झालेली नाही.

'सर, जरा बसू का?' असं त्या मुलीने विचारलं तर सर काय म्हणतात? चांगला माणूस असेल तर म्हणतो, 'गिऱ्हाईक नसेल तेव्हा बस.' तसा नसेल तर म्हणतो, 'मॅडम, जमत नसेल तर घरी आराम करा ना.' हे वाक्य कानावर पडलं की शेजारच्या काउंटरवरची मुलगी, जिला दुसरा महिना चालू आहे आणि जिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, ती पाचव्या महिन्यापर्यंत सांगतच नाही. ओढणी सैल घेते. एका विनंतीला दिलेलं एक उत्तर दहा जणींची तोंडं बंद करतं. कायदा लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

यात एक भोक तर इतकं मोठं आहे की त्यातून हजारो बायका बाहेर पडल्या. १९६१ च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलं होतं की ज्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू आहे तिथे हा कायदा सर्वसाधारणपणे लागू होणार नाही. हेतू असा की रजेचे पैसे ईएसआय देतं, मग दोनदा कशाला? ठीक. पण पैशासोबत 'उभं ठेवू नये' ही तरतूदही गेली. ईएसआयमध्ये रजेचे पैसे आहेत, औषधोपचार आहेत, पण उभं राहण्याबद्दल एक शब्द नाही. महिना २१ हजारांच्या आत पगार असलेली, ईएसआयचं कार्ड गळ्यात असलेली बाई, म्हणजे जिला खुर्चीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच त्या तरतुदीने वाऱ्यावर सोडलं. आता दोन्ही गोष्टी एकाच संहितेत बांधल्या आहेत, पण ईएसआयच्या प्रकरणात खुर्ची अजूनही आलेली नाही.

दिवसाची गोष्ट 'विनंती'ची, तर रात्रीची गोष्ट 'संमती'ची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायची वाट मोकळी केली. अट काय, तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. केंद्राच्या नव्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा संहितेतही संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाआधी काम करण्यासाठी बाईची संमती हीच अट आहे. बाईला रात्री काम करायची बंदी असावी, असं मी म्हणत नाही. बंदीच्या नावाखाली बायकांच्या नोकऱ्याच काढून घेतल्या जातात, हे आपण पाहिलं आहे. दवाखान्यातली नर्स रात्री नसेल तर कोण असेल? पण ही संमती घेतली कधी जाते? नोकरी लागताना, दहा कागदांवर सह्या घेताना. तेव्हा ती बाई गरोदर नसते. वर्षाने ती गरोदर राहते, सही तीच राहते. संमती परत घ्यायची असेल तर? पुन्हा 'सर'च्या टेबलासमोर उभं राहून विनंती.

डेन्मार्कमध्ये सरकारी दवाखान्यांतल्या बायकांच्या पगाराच्या नोंदी आणि गर्भपाताच्या नोंदी जोडून केलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठव्या आठवड्यानंतर ज्या बाईने एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केल्या, तिचा पुढच्या आठवड्यात गर्भ पडण्याचा धोका जवळपास एक तृतीयांशाने जास्त आढळला. हा आकडा डेन्मार्कचा आहे, जिथे रात्रपाळी संपवून बाई घरी जाऊन झोपते. मिरा-भाईंदरच्या वन रूम किचनमध्ये सकाळी आठला पोचलेली आया झोपते कधी? पाणी भरायचं असतं, मोठ्या पोराचा डबा असतो, सासूबाईंची औषधं असतात. दिवसाची झोप चार तास मिळाली तर नशीब. रात्रपाळी गरोदरपणाला मानवत नाही असं डॉक्टरने लिहून दिलं तर बाईला त्या पाळीची सक्ती होता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० मध्ये मातृत्व संरक्षणाच्या १८३व्या कराराबरोबर केलेल्या शिफारशीत म्हटलं आहे. भारताने तो करारच मंजूर केलेला नाही. 'मातृदेवो भव' मंजूर आहे, करार तेवढा नामंजूर.

आणि मग गाडी. मिरा-भाईंदरच्या कामगार बाईचा दिवस दुकानात सुरू होत नाही, तो प्लॅटफॉर्मवर सुरू होतो. सकाळी विरारहून आलेली लोकल नालासोपारा, वसई, नायगाव करत भाईंदरला येते तेव्हा बायकांच्या डब्याच्या दारात आधीच लोंबकळणाऱ्या असतात. मिरा रोडला तर पाय ठेवायला जागा मिळवणं हीच लढाई. रेल्वेच्या स्वतःच्या भाषेत या गर्दीला नाव आहे, अतिदाट गर्दी, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. एका चौरस मीटरची फरशी घरात आखून बघा आणि तिच्यात सातव्या महिन्याचं पोट कुठे ठेवायचं ते मला सांगा.

यावर बायकांनी त्यांची तोडगी काढलेली आहेत. बसलेल्या बाईला 'कुठे उतरणार?' विचारायचं, ती 'अंधेरी' म्हणाली की अंधेरीपासूनची जागा आपली. पण अंधेरीपर्यंत उभंच. किंवा 'रिटर्न' करायचं, म्हणजे मिरा रोडहून आधी उलट दिशेने भाईंदरला किंवा थेट विरारला जायचं आणि तीच गाडी परत फिरली की बसून यायचं. त्यासाठी अर्धा-पाऊण तास आधी घर सोडावं लागतं, म्हणजे पहाटे तेवढं लवकर उठायचं. अपंगांच्या डब्यात गरोदर बाईला जाता येतं. पण तिसऱ्या महिन्यातल्या बाईने जाऊन पाहावं, पोट दिसत नाही म्हणून किती नजरा आणि किती शब्द झेलावे लागतात. आणि मळमळ, चक्कर, गर्भ पडण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती याच पोट न दिसण्याच्या महिन्यांत. समाजाची दया पोट दिसल्यावर सुरू होते.

'गाडीची गर्दी ही मालकाची जबाबदारी कशी?' हा प्रश्न नेहमी येतो. याचं उत्तर कायद्यानेच दिलेलं आहे. २०१० मध्ये ईएसआय कायद्यात ५१-ई हे कलम आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात धरला जाईल असं ते सांगत होतं. म्हणजे कामाला जाताना भाईंदर स्टेशनवर पाय घसरून हात मोडला तर कायदा म्हणतो की प्रवास हा कामाचा भाग होता. हाताला कळतं ते पोटाला का कळत नाही? जाऊन-येऊन दोन-अडीच तासांचं हे उभं राहणं कामाच्या तासांत धरलं तर आठ तासांची ड्युटी साडेदहा तासांची होते. निदान गरोदर बाईला गर्दी टाळून एक तास उशिरा येण्याची आणि पगार न कापता एक तास लवकर जाण्याची सोय हवी, ही मागणी अवास्तव नाही. याला मालकाचा एक रुपयाही भांडवली खर्च लागत नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ, कारण तो खोटा नाही. ते म्हणतात, इतके हक्क दिले तर मालक बायकांना नोकरीच देणार नाही. सव्वीस आठवड्यांची रजा आल्यावर हीच ओरड झाली, आणि मुलाखतीत 'लग्न कधी?' 'प्लॅनिंग काय?' विचारणारे वाढले हेही आपल्याला माहीत आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? हक्क कमी करा, हा? की खर्च कुणी उचलायचा ते नीट ठरवा, हा?

हा वाद नवा नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब त्या सभागृहात बसलेले होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेला युक्तिवाद आजही कुणी नीट वाचत नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण म्हणून मालक सुटला असं नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो कारण पुरुषांपेक्षा बायकांकडून त्याला जास्त फायदा होतो, आणि ज्याने तो खास फायदा उपटला त्याने या लाभाचा काही भाग द्यायलाच हवा, असं त्यांनी बजावलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं हाती आल्यावर खाणकामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातली दुरुस्ती १९४३ मध्ये त्यांनीच मांडली.

यातलं 'आधी' या शब्दावर बोट ठेवा. बाळंतपणाच्या आधीची विश्रांती. आपण सव्वीस आठवड्यांवर टाळ्या वाजवल्या, पण आधीच्या महिन्यांचं काय, हा बाबासाहेबांनी ठेवलेला अर्धा प्रश्न आपण विसरलो. आणि दुसरं, खर्चाचं. १९६१ च्या कायद्याने रजेचा सगळा भार एकट्या मालकावर टाकला आणि सरकार बाजूला झालं. म्हणूनच मालकाला बाई नकोशी होते. भार सरकार आणि मालकांच्या सामाईक निधीवर गेला, ईएसआयमध्ये जसा जातो तसा, तर एका बाईच्या गरोदरपणाचा खर्च एका दुकानदाराच्या गल्ल्यातून जाणार नाही. मग 'बायका महाग पडतात' या रडगाण्याला जागाच उरत नाही. खुर्चीचा खर्च तर या सगळ्यात धरायचीही गरज नाही.

कुणी म्हणेल, ठेकेदाराच्या बायकांना हे कुठून मिळायचं? महापालिकेचा रस्ता झाडणाऱ्या, कचरा गोळा करणाऱ्या बायका ठेकेदाराच्या हजेरीवर असतात, ठेका बदलला की हजेरी नवी. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या स्त्री कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. त्या बायका रस्त्याच्या कामावर खोदाई करायच्या, रोजंदारीवर. महापालिका म्हणत होती, या कायम नाहीत, यांना प्रसूती लाभ नाही. न्यायालयाने तो युक्तिवाद फेकून दिला आणि रोजंदारीवरच्या बाईलाही हा लाभ आहे असं ठरवलं. त्या निकालाला पंचवीस वर्षं उलटून गेली. महापालिकांनी त्यातून धडा काय घेतला? स्वतःचा हजेरीपट बंद करून ठेकेदाराचा सुरू केला.

माझं म्हणणं असं की 'विनंती केल्यास' हे दोन शब्द काढून टाकले पाहिजेत. बाईने गरोदर असल्याचा डॉक्टरचा कागद दिला, त्या दिवसापासून उभं राहण्याची आणि रात्रपाळीची सक्ती आपोआप थांबली पाहिजे, तीस आठवड्यांची वाट न बघता. पण मला त्याहूनही पुढचं एक म्हणायचं आहे. गरोदर बाईची खुर्ची फक्त गरोदर बाईला दिली, की ती मिळवायला गरोदरपण जाहीर करावं लागतं. खुर्ची सगळ्यांना दिली की कुणालाच काही जाहीर करावं लागत नाही. दुसऱ्या महिन्यातली मुलगी कुणाला न सांगता बसू शकते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्या सगळ्या कामगारांसाठी बसायची सोय होतीच, पण दुकानं त्यातून सुटली होती. केरळमध्ये कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेण्‌कूट्टु' या संघटनेने, कापडदुकानांतल्या बायकांनी, वर्षानुवर्षं लढून २०१८ मध्ये दुकान कायद्यात बसण्याचा हक्क लिहून घेतला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुकान कायदा नव्याने लिहिला तेव्हा रात्रपाळीची आठवण ठेवली, खुर्चीची ठेवली नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हा कायदा दहाऐवजी वीस कामगारांच्या आस्थापनांपासून लागू करायला मंजुरी दिली. मिरा रोडच्या किती दुकानांत वीस माणसं असतात, ते मोजायला फार वेळ लागणार नाही.

ते दोन शब्द निघेपर्यंत मात्र विनंती करावीच लागेल, आणि ती तोंडी करू नये. तोंडी विनंती कायद्याला ऐकू येत नाही. साध्या कागदावर, मराठीत, असं लिहायचं: 'मी आपल्या आस्थापनेत अमुक तारखेपासून अमुक कामावर आहे. मी गरोदर असून डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक दिली आहे. दाखल्याची प्रत जोडली आहे. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ५९ प्रमाणे अमुक तारखेपासून मला फार वेळ उभं राहण्याचं व कष्टाचं काम देऊ नये, ही विनंती.' तारीख काढताना वरचा हिशेब वापरा, अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आणि एक महिना आधी. तीस आठवड्यांच्या आतल्या बाईनेही अर्ज द्यावा, पण तो डॉक्टरच्या सल्ल्याच्या आधारावर, कलमाच्या नाही. ईएसआय असेल तिथेही अर्ज द्याच, नाकारायचं असेल तर त्यांनी लेखी नाकारू द्या. हलकं काम दिलं म्हणून नेहमीचा रोज कापता येत नाही, हे १९६१ च्या कायद्यातही होतं आणि संहितेतही आहे. मालक ते विसरला असेल तर अर्जात तेही एक वाक्य टाका.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर सही-शिक्का-तारीख घेऊन ती घरी ठेवा, दुकानात नाही. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा, व्हॉट्सॲपवरही फोटो टाका म्हणजे निळ्या टिका दिसतील. एकटीने देऊ नका. दोघी-तिघींनी मिळून सर्वांसाठी खुर्चीची मागणी करणारा वेगळा अर्ज द्या, त्यावर पुरुष कामगारांच्याही सह्या घ्या, म्हणजे 'आराम करा ना' हे कुणा एकीला ऐकवता येणार नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर कामगार खात्याचं ऑफिस ठाण्याला आहे. भाईंदरहून ठाण्याला थेट गाडी नाही, घोडबंदर रोडने बसच्या धक्क्यातून जावं लागतं. तिथे गरोदर बाईला पाठवू नका. तिचं अधिकारपत्र घेऊन आपल्यापैकी कुणीतरी जा.